बोटं कुठे, अंगठा कुठे: पट्टीचुंबक, तारेचं वेटोळं आणि उजव्या हाताची मूठ

फळ्यावर तारेचं एक वेटोळं काढलेलं असतं, बॅटरीची दोन टोकं जोडलेली असतात, आणि प्रश्न असतो: याचा उत्तर ध्रुव कोणता, डावा की उजवा? वर्गातले सगळे उजवा हात वर करून मूठ वळतात. अर्ध्यांचा अंगठा डावीकडे असतो, अर्ध्यांचा उजवीकडे. नियम सगळ्यांना पाठ आहे. तरीही उत्तरं दोन येतात, आणि चुकलेल्याला आपण नेमकं कुठे चुकलो हे सापडत नाही.

याचं एक कारण मला नेहमी दिसत आलंय. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम आपल्याला दोनदा शिकवला जातो. सरळ तारेसाठी अंगठा म्हणजे विद्युतधारा आणि बोटं म्हणजे चुंबकीय क्षेत्र. वेटोळ्यासाठी बरोबर उलट: बोटं म्हणजे धारा आणि अंगठा म्हणजे क्षेत्र. दोन्ही वेगवेगळे नियम म्हणून पाठ केले की परीक्षेच्या दिवशी त्यांची सरमिसळ ठरलेली. खरं तर नियम एकच आहे, आणि पहिल्यातून दुसरा आपोआप बाहेर पडतो. तो कसा पडतो ते हातात बांगडी घेऊन दोन मिनिटांत दिसतं. त्याआधी पट्टीचुंबकापासून सुरुवात करू, कारण अंगठा नक्की कशाची दिशा दाखवतो हे तिथूनच कळतं.

पट्टीचुंबकाच्या बलरेषा म्हटलं की डोळ्यांसमोर लोहकीस येतो. चुंबकावर कागद, कागदावर लोखंडाचा कीस, टिचकी मारली की कमानी उमटतात. चित्र सुंदर असतं, पण त्यातून दोन गैरसमज पक्के होतात. पहिला असा की बलरेषा ही खरोखरची दोऱ्यासारखी वस्तू आहे आणि दोन रेषांच्या मध्ये काहीच नाही. खरं म्हणजे किसाचा प्रत्येक कण चुंबकाजवळ आला की स्वतः इवलासा चुंबक होतो. एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं डोकं चिकटतं आणि कणांची माळ तयार होते. शेजारी शेजारी असलेल्या माळा एकमेकींना दूर ढकलतात, म्हणून मध्ये मोकळी जागा दिसते. चुंबकीय क्षेत्र त्या मोकळ्या जागेतही तितकंच असतं. दुसरा गैरसमज दिशेचा. किसाला डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं हे आपल्याला दिसत नाही, त्यामुळे रेषेवर बाण कुठल्या बाजूला काढायचा हे कीस कधीच सांगत नाही.

बाण कळतो तो चुंबकसूचीने. म्हणून एकदा तरी बलरेषा किसाने न काढता सूचीने काढून बघा. मोठा कागद टेबलावर चिकटवायचा, मध्ये पट्टीचुंबक ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवायची. छोटं होकायंत्र चुंबकाच्या उत्तर टोकाजवळ ठेवायचं आणि सुईच्या दोन्ही टोकांशी कागदावर टिंब द्यायचं. आता होकायंत्र पुढे सरकवायचं, असं की सुईचं मागचं टोक मघाच्या पुढच्या टिंबावर येईल. पुन्हा पुढे टिंब. असं करत करत टिंबांची वाट चुंबकाच्या उत्तर टोकापासून निघून वळसा घेत दक्षिण टोकाशी येते. टिंबं जोडली की ती झाली एक बलरेषा, आणि सुईचं उत्तर टोक जिकडे पुढे जात होतं तो तिचा बाण.

बलरेषा म्हणजे एवढंच: तिच्यावर कुठेही होकायंत्र ठेवलं तर सुई त्या जागी रेषेच्या दिशेत उभी राहील. यातून दोन रेषा एकमेकींना का छेदत नाहीत तेही कळतं. छेदल्या तर त्या बिंदूवर सुईने एकाच वेळी दोन दिशा दाखवायला हव्यात, आणि सुई एक आहे. रेषा किती काढायच्या हे मात्र आपण ठरवतो. दहा काढा की वीस काढा, जिथे त्या दाटीने येतात तिथे क्षेत्र जोरदार आणि जिथे विरळ होतात तिथे कमजोर, एवढंच त्यातून वाचायचं.

हा प्रयोग करणाऱ्यांची वहीतली आकृती बहुतेक वेळा पुस्तकातल्या आकृतीसारखी येत नाही. जवळच्या रेषा छान वळतात, पण दूरच्या रेषा दक्षिण टोकाकडे परत न येता कागदाबाहेर भरकटतात. मुलं त्या खोडून पुस्तकासारख्या करतात. कृपा करून खोडू नका. सुई खरं सांगत असते. तिच्यावर चुंबकाबरोबर पृथ्वीचंही क्षेत्र काम करत असतं आणि चुंबकापासून दूर गेलं की पृथ्वी वरचढ ठरते. आपल्याकडे महाराष्ट्रात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग, म्हणजे सुईला उत्तरेकडे धरून ठेवणारा भाग, सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळी मोजमापं याच्याशीच ताडून बघायची आहेत.

आता पुस्तकात घाईघाईने उरकला जाणारा मुद्दा. चुंबकाबाहेर रेषा उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात. मग चुंबकाच्या आत काय होतं? दक्षिण टोकाशी आलेली रेषा तिथेच संपते का?

संपत नाही. चुंबक मधोमध तोडला असं समजा. डावा तुकडा, उजवा तुकडा, मध्ये केसाएवढी फट. मूळचं उत्तर टोक उजवीकडे होतं असं धरू. तुटल्यावर प्रत्येक तुकडा आपापला पूर्ण चुंबक होतो, त्यामुळे फटीच्या डाव्या कडेला नवा उत्तर ध्रुव आणि उजव्या कडेला नवा दक्षिण ध्रुव तयार होतो. फट ही आता ‘बाहेरची’ जागा आहे, तिथे रेषा उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणार, म्हणजे डावीकडून उजवीकडे. फट कितीही बारीक केली तरी हीच दिशा राहते. याचा अर्थ अखंड चुंबकाच्या पोटातही रेषा डावीकडून उजवीकडे, म्हणजे दक्षिण टोकाकडून उत्तर टोकाकडे धावत होत्या. बाहेर उत्तर ते दक्षिण, आत दक्षिण ते उत्तर. प्रत्येक रेषा बंद वळसा आहे, तिला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही. ‘उत्तर ध्रुव’ म्हणजे रेषा जिथून बाहेर पडतात ते टोक, बस.

हे आतलं वागणं नीट लक्षात घ्या, कारण वेटोळ्याच्या नियमातला अंगठा आतल्याच रेषेची दिशा दाखवतो.

आता तारेकडे वळू. १८२० मध्ये कोपनहेगनला हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी धारा वाहणाऱ्या तारेजवळ सुई ठेवली तेव्हा ती तारेकडे ओढलीही गेली नाही आणि तारेपासून ढकललीही गेली नाही. ती तारेला आडवी होऊ लागली. तारेच्या वर ठेवली तर एका बाजूला, खाली ठेवली तर विरुद्ध बाजूला. याचा अर्थ एकच निघतो: तारेभोवतीच्या बलरेषा तारेला गोल वळसे घालतात. इथे ध्रुव नाहीत, नुसती वर्तुळं आहेत.

वर्तुळाची दिशा मूठ सांगते. उजव्या हाताने तार धरली आहे असं समजा, अंगठा धारेच्या दिशेने. बोटं ज्या दिशेने तारेभोवती वळतात ती बलरेषेची दिशा. धारा दक्षिणेकडून उत्तरेकडे जातेय आणि होकायंत्र तारेच्या खाली आहे, तर बोटं तारेच्या खालून पश्चिमेकडे जाताना दिसतील. सुईचं उत्तर टोक पश्चिमेकडे कलणार. तारेच्या वर ठेवलं तर पूर्वेकडे.

किती कलणार? तारेपासून १ सेंटिमीटर अंतरावर १ ॲम्पिअर धारेमुळे २० मायक्रोटेस्ला क्षेत्र तयार होतं. पृथ्वीचे ३८ सुईला उत्तरेकडे धरून आहेत, हे २० आडवे ओढतात, त्यामुळे सुई साधारण २८ अंश वळते. अंतर दुप्पट केलं की तारेचं क्षेत्र निम्मं होतं. म्हणजे ते दूरवर पसरतं, आणि त्याचा त्रासही होतो. आपल्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा याच कारणाने उभी राहिली. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून चालू होत्या. शहरातल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर न्यायच्या ठरल्या तेव्हा त्या धारांनी कुलाब्याच्या नोंदी बिघडणार हे उघड होतं, म्हणून १९०४ मध्ये खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. हिशेब करून बघा: १०० ॲम्पिअर वाहणाऱ्या एकट्या लांब तारेपासून १०० मीटरवरही ०.२ मायक्रोटेस्ला क्षेत्र असतं. पृथ्वीच्या क्षेत्रात सूर्यामुळे होणारा रोजचा चढउतार सहसा त्याहूनही कमी असतो, आणि नोंदायचा असतो तो नेमका तोच.

आता बांगडी घ्या. ती स्वतःसमोर उभी धरा, म्हणजे तिच्या गोलातून पलीकडचं दिसेल. बांगडी म्हणजे तारेचा एक वेढा. तिच्यातून धारा तुम्हाला दिसते तशी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतेय असं माना. उजव्या कडेला धारा वर जातेय. तिथे सरळ तारेचाच नियम लावा: उजव्या हाताने ती कड धरा, अंगठा वर. बोटं बांगडीच्या मागून जाऊन गोलातून तुमच्याकडे येतात. आता वरची कड. तिथे धारा डावीकडे जातेय, अंगठा डावीकडे करून धरा. बोटं पुन्हा गोलातून तुमच्याकडेच येतात. डावी कड, धारा खाली, अंगठा खाली: तेच. खालची कड: तेच. तुम्ही कुठेही धरा, बांगडीच्या आत सगळ्या जागांवरून येणारी क्षेत्रं एकाच दिशेला, तुमच्याकडे, जमा होतात. बाहेरच्या बाजूला मात्र ती पलीकडे जातात.

म्हणजे सरळ तारेचा नियम चार ठिकाणी लावला आणि वेढ्याच्या पोटातली दिशा मिळाली. आता उजव्या हाताची बोटं धारेच्या फिरण्याप्रमाणे, घड्याळाच्या उलट, वळवून बघा: अंगठा तुमच्याकडेच येतो. वेटोळ्याचा नियम हाच, वरचं चार ठिकाणचं काम एका हालचालीत उरकण्याचा. अंगठा उत्तर ध्रुव दाखवतो असं आपण पाठ करतो. त्याचं मूळ रूप असं आहे की अंगठा पोटातल्या रेषांची दिशा दाखवतो, आणि रेषा जिथून बाहेर पडतात त्या तोंडाला आपण उत्तर ध्रुव म्हणतो. पट्टीचुंबकाच्या बाबतीत ठरवलं होतं तेच.

असे अनेक वेढे एकाशेजारी एक लावले की नालकुंतल होतं. आतल्या रेषा जवळजवळ समांतर आणि दाट, बाहेर त्या पसरून मागच्या तोंडाशी परत. त्याचं बाहेरचं चित्र पट्टीचुंबकासारखंच दिसतं. फरक एवढाच की पट्टीचुंबकाच्या पोटात होकायंत्र घालता येत नाही, आणि इथे घालता येतं. ते शेवटी करू.

आधी एक नालकुंतल प्रत्यक्ष गुंडाळू आणि भाकीत करू. मोटर वाइंडिंगच्या दुकानात २६ गेजची तांब्याची तार मिळते, वर इनॅमलचा थर असलेली. १ सेंटिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या नळीवर, रिकाम्या स्केच पेनची चालते, १०० वेढे एकमेकांना चिकटवून घातले की साधारण ५ सेंटिमीटर लांबी होते. तीन-साडेतीन मीटर तार लागते. दोन्ही टोकांचं इनॅमल पॉलिश पेपरने घासून तांबं उघडं करा. या तारेचा रोध अर्ध्या ओहमपेक्षाही कमी आहे, सेल थेट जोडले तर ते जवळजवळ शॉर्ट होऊन तापतात. म्हणून मध्ये टॉर्चचा अडीच व्होल्टचा, ०.३ ॲम्पिअरचा जुना तारवाला बल्ब जोडा आणि दोन सेल लावा. बल्बचा दुसरा फायदा म्हणजे तो पेटला की धारा वाहतेय हे दिसतं. इनॅमल नीट घासलं गेलं नसेल तर तो पेटणार नाही, आणि मग सुई का हलत नाही यावर डोकं खपवायला नको.

नळी टेबलावर पूर्व-पश्चिम ठेवा. तुम्ही दक्षिणेला बसा, तोंड उत्तरेकडे, म्हणजे पूर्व तुमच्या उजव्या हाताला. नळी पूर्व-पश्चिम ठेवण्यामागे कारण आहे. तिचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राला काटकोनात पडावं, म्हणजे सुई धारेशिवाय उत्तरेकडे असेल आणि धारा चालू होताच पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे कलेल. नळी उत्तर-दक्षिण ठेवली तर सुई आधीच त्या दिशेत असते आणि धारा सुरू केल्यावर हललीच नाही असं वाटू शकतं.

आता तार डोळ्यांनी चाला. हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. सेलच्या धन टोकापासून निघा, नळीपर्यंत या, आणि नळीच्या तुमच्याकडच्या अंगाला तार वर चढतेय की खाली उतरतेय ते बघा. माझ्या नळीवर ती तुमच्याकडच्या अंगाने खाली उतरते, खालून पलीकडे जाते, मागून वर चढते आणि वरून पुन्हा तुमच्याकडे येते. उजव्या हाताची बोटं अशी वळवायची तर हात नळीच्या खालून न्यावा लागतो: तळवा वर, बोटं पलीकडून वर येऊन नळीवरून तुमच्याकडे उतरतात. अंगठा उजवीकडे, पूर्वेला. भाकीत: पूर्वेचं तोंड उत्तर ध्रुव. पूर्व टोकासमोर ठेवलेल्या सुईचं उत्तर टोक पूर्वेकडे, नळीपासून दूर, वळेल.

होकायंत्र टोकाला टेकवून ठेवा. छोट्या होकायंत्राचा मध्य नळीच्या तोंडापासून साधारण १ सेंटिमीटरवर येतो. स्विच दाबला की हिशेबाप्रमाणे तिथे ३८ ते ३९ मायक्रोटेस्ला क्षेत्र तयार होतं, जवळजवळ पृथ्वीएवढंच. दोन सारखी ओढ काटकोनात, म्हणून सुई ४५ अंशांच्या आसपास जाऊन थांबते. मध्य २ सेंटिमीटरवर नेला की क्षेत्र १० मायक्रोटेस्लावर येतं आणि सुई १५ अंशच वळते. ५ सेंटिमीटरवर दीड मायक्रोटेस्लासुद्धा उरत नाही, सुई जेमतेम दोन अंश हलते, ती डोळ्यांना कळतही नाही. ‘माझा प्रयोग चाललाच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं होकायंत्र नुसतं लांब असतं. नळीच्या पोटात मात्र पाऊण मिलिटेस्लाच्या जवळपास, पृथ्वीच्या सुमारे वीसपट क्षेत्र असतं. तोंडातून बाहेर पडताच रेषा किती झपाट्याने पसरतात हे या आकड्यांवरून दिसतं.

शाळेतला पट्टीचुंबक मात्र एक फुटावरूनही सुई हलवतो. आपल्या नळीवर १०० वेढे आणि ०.३ ॲम्पिअर, म्हणजे ५ सेंटिमीटरमध्ये एकूण ३० ॲम्पिअर फिरतात, दर सेंटिमीटरला ६. चुंबकाच्या धातूतलं चुंबकन अर्धा टेस्ला धरलं तर तेवढ्याच आकाराच्या नालकुंतलात दर सेंटिमीटरला सुमारे ४००० ॲम्पिअर फिरवावे लागतील. कुठल्याही तारेत एवढी धारा न वाहता धातूतले इलेक्ट्रॉन हे काम करतात. आँद्रे-मारी ॲम्पिअर यांनी १८२० च्या दशकातच अंदाज बांधला होता की चुंबकाच्या आत सूक्ष्म धारा फिरत असाव्यात. इलेक्ट्रॉनचं स्वतःचं चुंबकत्व त्यांना ठाऊक असणं शक्य नव्हतं, पण चुंबक आणि वेटोळं आतून एकाच जातीचं आहे हे त्यांना दिसलं.

भाकीत आणि सुई जुळली नाही तर? कारणं ठरावीक आहेत. पहिलं कारण मूठ. आडवी नळी दिसली की आपला हात सवयीने वरून पडतो, मोटरसायकलची रेस धरतो तसा, आणि तशा मुठीत उजवा अंगठा कायम डावीकडेच येतो. बोटं धारेच्या दिशेने आहेत का हे न बघताच माणूस ‘डावं टोक उत्तर’ म्हणून मोकळा होतो. मूठ धरल्यावर एकच प्रश्न विचारा: माझ्याकडच्या अंगाला तार जिकडे जाते, बोटांची टोकंही तिकडेच जातात का? नसतील तर हात काढून दुसऱ्या बाजूने घाला.

दुसरं कारण म्हणजे ‘धारा डावीकडून आत शिरते, म्हणजे डावं टोक अमुक ध्रुव’ असा मनाने केलेला नियम. धारा कुठल्या टोकाने शिरते यावर ध्रुव ठरत नाही. तार कशी फिरते यावर ठरतो. डावीकडून सुरुवात करून एक नळी एका दिशेने गुंडाळा आणि दुसरी उलट दिशेने. दोन्हींत धारा डावीकडूनच घाला, ध्रुव उलटे येतील. म्हणूनच आकृतीत वेढ्याचा पुढचा भाग ठळक आणि मागचा तुटक काढतात. तो फरक नसेल तर त्या आकृतीवरून उत्तर काढताच येत नाही, आणि तसं लिहिणं हेच बरोबर उत्तर आहे.

धारा म्हणजे इथे धन टोकाकडून ऋण टोकाकडे जाणारी, पुस्तकातली रूढ धारा. इलेक्ट्रॉन उलटे जातात. त्यांची दिशा धरून उजवी मूठ वळली तर उत्तर उलटं येणार.

आणि कधी कधी तुमची मूठ बरोबर असते, खोटं सुई बोलत असते. स्वस्त होकायंत्राजवळ जोरदार चुंबक नेला तर सुईचे ध्रुवच उलटतात. प्रयोगाआधी सगळं बाजूला ठेवून ती उत्तर दाखवतेय ना हे बघून घ्या. सेलचं आवरणही पोलादाचं असतं, ते सुईला ओढतं. सेल हातभर लांब ठेवा, आणि स्टीलची पट्टी, कात्री, फोन, सगळं टेबलावरून हलवा. स्विच न दाबताच सुई कललेली दिसली तर समजा की जवळ लोखंड आहे.

आता ते पोटातलं होकायंत्र. ६ सेंटिमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळ कापून टाका आणि त्यावर त्याच तारेचे २० वेढे एकाच ठिकाणी घाला. डबा आडवा करून त्याचा आस पूर्व-पश्चिम ठेवा, आत जाड पुठ्ठ्याचा ओटा करून त्यावर बरोबर मध्यभागी होकायंत्र ठेवा. धारा मघाचीच, अंगठा पूर्वेकडे येईल अशी. तोंडाशी बसलेल्या विद्यार्थ्याला विचारा, सुईचं उत्तर टोक कुठे वळेल? जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, पश्चिमेकडे. कारण पूर्वेचं तोंड उत्तर ध्रुव आहे, सजातीय ध्रुव दूर ढकलतात, म्हणून सुईचं उत्तर टोक तिथून पळणार.

स्विच दाबा. सुई सत्तर अंशांहून जास्त वळून पूर्वेकडे, थेट उत्तर ध्रुवाच्या तोंडाकडे टोक करून उभी राहते. सजातीय ध्रुव ढकलतात हा नियम चुंबकाच्या बाहेर उभं राहून केलेला आहे. आत तो चालत नाही. सुई आपली रेषेच्या बाजूने उभी राहते, आणि आत रेषा दक्षिण तोंडाकडून उत्तर तोंडाकडे जाते. तुटलेल्या चुंबकाच्या फटीत आपण मनाने बघितलं होतं तेच इथे डोळ्यांनी दिसतं. तेच होकायंत्र बाहेर काढून, डब्याच्या दक्षिण अंगाला, त्याच उंचीवर पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा, मध्यापासून ६ सेंटिमीटरवर. आता ते दहा-पंधरा अंश पश्चिमेकडे कलतं. आत पूर्वेकडे गेलेली रेषा बाहेरून पश्चिमेकडे परत निघालेली असते.

एक शंका हमखास येते. नळीवर एक थर डावीकडून उजवीकडे गुंडाळून झाला, तार उरली, म्हणून दुसरा थर त्याच्यावर उजवीकडून डावीकडे घातला. तार उलटी आली, मग क्षेत्र कटणार का? मूठ वळा आणि बघा. गुंडाळताना हात ज्या दिशेने फिरत होता त्याच दिशेने फिरत राहिला असेल तर बोटांची दिशा बदललेली नाही, अंगठाही बदलत नाही. दुसऱ्या थराने क्षेत्र जवळपास दुप्पट होतं. तार नळीवर डावीकडे सरकतेय की उजवीकडे याला महत्त्व नाही. कटवायचंच असेल तर तार आधी मधोमध दुमडा आणि दुहेरी तारच गुंडाळा. मग प्रत्येक वेढ्याला चिकटून उलट धारेचा वेढा येतो, बोटं दोन्ही दिशांना जातात आणि अंगठा कुठेच दाखवता येत नाही. शंभर वेढे, पेटलेला बल्ब, आणि तोंडाला टेकवलेली सुई उत्तरेकडे जागच्या जागी.